आमटीवर लेबल नसतं

नवऱ्याचा रक्ततपासणीचा रिपोर्ट आला, तेव्हा पहिला फोन नाशिकला आईला गेला. आईचा निकाल तयारच होता : "बाहेरचं बंद कर आणि घरचं साधं खायला घाल त्यांना." इंग्लंडमध्ये राहणाऱ्या बहुतेक मराठी घरांना हा सल्ला पटतो. सँडविच, तयार जेवणाची पाकिटं, पिझ्झा हे सगळं वाईट आणि वरणभात-तूप चांगलं. आमचीही अशीच समजूत होती. एका मंगळवारचा हिशेब कागदावर मांडला आणि ती मोडली.

आधी रिपोर्ट कसा वाचायचा ते सांगते. भारतात कोलेस्टेरॉल 200 वगैरे आकड्यांत येतं, इथे ते 5.2 असं येतं. एकक वेगळं आहे, इतकंच. इथल्या कोलेस्टेरॉलच्या आकड्याला 38.7 ने गुणलं की भारतातला आकडा मिळतो. ट्रायग्लिसराइडला मात्र 88.6 ने गुणायचं. नवऱ्याचं एलडीएल, म्हणजे रक्तवाहिन्यांत साचणारं कोलेस्टेरॉल, 3.9 होतं. म्हणजे आपल्याकडचं 151. ट्रायग्लिसराइड 2.6, म्हणजे 230. "इथे तर फक्त तीन पॉइंट नऊ आहे," म्हणून खूश होण्यात अर्थ नव्हता.

एलडीएल वाढवण्यात जेवणातल्या संपृक्त चरबीचा मोठा हात असतो. तूप, लोणी, चीज, साय, नारळ आणि पामतेल यांत ती भरपूर असते. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेने तिची रोजची मर्यादा पुरुषांसाठी 30 ग्रॅम आणि बायकांसाठी 20 ग्रॅम सांगितली आहे. पाकिटाच्या मागच्या तक्त्यात चरबीच्या ओळीखाली 'सॅच्युरेट्स' म्हणून ही चरबी वेगळी दिलेली असते. 100 ग्रॅममागे 5 ग्रॅमपेक्षा जास्त असेल तर लाल, दीड ग्रॅम किंवा त्याहून कमी असेल तर हिरवं. फक्त आकडा 100 ग्रॅमचा आहे की अख्ख्या पाकिटाचा, हे आधी बघायचं. 400 ग्रॅमच्या डब्यावर 100 ग्रॅममागे 3 लिहिलं असेल आणि तो डबा एकट्याने संपवला, तर पोटात 12 ग्रॅम जातात.

आता तो मंगळवार. दुपारी ऑफिसजवळ घेतलेलं चीज-मेयोनेजचं सँडविच, लेबलवर 10 ग्रॅम. निळ्या झाकणाच्या, म्हणजे सायीसकट दुधाची मोठी कॉफी, सुमारे 7. इथवर 17 ग्रॅम झाले. बाहेरच्या खाण्याने दिवसाची अर्ध्याहून जास्त मर्यादा खाल्लीच होती. पण संध्याकाळी घरी काय झालं? तीन पोळ्या, प्रत्येकीला चहाच्या चमच्याने एकेक चमचा तूप. एका चमच्यात जवळपास 3 ग्रॅम, म्हणजे 9. वरणभातावर दोन चमचे, आणखी 6. एकूण 32. सकाळचा नाश्ता आणि चहाचं दूध यात धरलेलंच नाही. सँडविचवर लेबल होतं म्हणून आम्ही त्याला दोष देत होतो. लोणी कढवून घरी केलेल्या तुपाच्या बरणीवर आणि आमटीवर लेबल नसतं, म्हणून ती सुटत होती.

उपाय करताना आम्ही तूप बंद केलं नाही. पोळीचं तूप गेलं आणि कणीक मळताना चमचाभर तेल आलं. भातावरचा एक चमचा राहिला, कारण चव तिथे कळते. सँडविच चीजऐवजी चिकन-सॅलडचं, मेयोनेजशिवाय, 3 ग्रॅमच्या आतलं. कॉफी हिरव्या झाकणाच्या दुधाची, तीही साधारण 3. तीच यादी आता 32 वरून 9 ग्रॅमवर आली.

कोकणी-गोव्याकडच्या घरांत हिशेब बिघडतो तो नारळाच्या दुधाच्या डब्याने. 400 मिलिलिटरच्या घट्ट दुधाच्या डब्यात साधारण 60 ग्रॅम संपृक्त चरबी असते. चौघांच्या माशाच्या कालवणात अख्खा डबा ओतला तर माणशी 15 ग्रॅम. गावी नारळ रोज फोडून, खवून घ्यावा लागायचा, त्यामुळे हात आपोआप आखडायचा. इथे झाकण उघडलं की झालं. मी आता पाव डबा घेते. कांदा आणि दोन चमचे डाळं खमंग भाजून, वाटून त्यात घालते. कालवणाला दाटपणा येतो, नारळाचा वासही राहतो. उरलेलं दूध बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवते.

तेलाचं उलट आहे. इथे 'व्हेजिटेबल ऑइल' नावाने मिळणारी स्वस्त बाटली बहुतेक वेळा रेपसीडच्या तेलाची असते. मागे बारीक अक्षरांत तसं लिहिलेलं असतं. त्यात संपृक्त चरबी 7 टक्क्यांच्या आसपास असते, शेंगदाण्याच्या तेलात 18 ते 20. फोडणीला ते छान चालतं. 'व्हेजिटेबल घी' मात्र नावाला भुलून घेऊ नका. त्यात बहुधा पामतेल असतं. भारतीय दुकानातल्या गोठवलेल्या पराठ्यांच्या पाकिटावरही पामतेल शोधून बघा.

ट्रायग्लिसराइडचं दुखणं निराळं आहे. ते साखर, मैदा, पांढरा भात, गोड पेयं आणि दारूनेही वाढतं, आणि आपल्या दक्षिण आशियाई लोकांत जास्त दिसतं. म्हणून शुक्रवारच्या पिझ्झ्यासोबत येणारी कोल्याची बाटली आधी गेली. तयार जेवणाचा डबा आम्ही अजूनही आणतो, पण मखनी किंवा कोर्म्याऐवजी डाळीचा किंवा टोमॅटोच्या रश्शाचा, आणि एक डबा दोघांत. सोबत उसळ आणि काकडीची कोशिंबीर. उसळीसाठी रविवारी अर्धा किलो मटकी भिजवून, मोड आणून, वाफवून चार पिशव्यांत गोठवते. गुरुवारी थकून आल्यावर दहा मिनिटांत फोडणी पडते आणि बाहेरून मागवायची वेळ टळते. कडधान्यांतला विरघळणारा तंतू एलडीएल कमी करायलाही मदत करतो.

जेवणाने सगळंच साधतं असं नाही. कोलेस्टेरॉल आनुवंशिक असेल तर पथ्य पुरत नाही, गोळी लागते. डॉक्टरांनी दिलेली गोळी पथ्याच्या भरवशावर बंद करायची नसते. इंग्लंडमध्ये 40 ते 74 वयाच्या ज्यांना आधीपासून हृदयविकार, मधुमेह असे आजार नाहीत, त्यांना दर पाच वर्षांनी मोफत तपासणीचं बोलावणं येतं. ते पत्र बाजूला टाकू नका.

शेवटी एक सोपी कसोटी. तेलाची नवी बाटली फोडाल तेव्हा तिच्यावर मार्करने तारीख घाला. माणशी रोज चहाचे तीन चमचे तेल धरलं, तर चौघांच्या घरात एक लिटर सोळा-सतरा दिवस पुरायला हवं. आमची पहिली बाटली नवव्या दिवशी संपली होती.