नागिणीचे तोंड आणि शेपूट

नागीण म्हटले की आपल्या घरांत आजही पहिली भीती एकच असते. पुरळाचा पट्टा कमरेभोवती फिरत गेला, नागिणीचे तोंड शेपटीला मिळाले की माणूस संपला. म्हणून कोणी गेरू लावतो, कोणी दम करून घ्यायला नेतो, कोणी ‘नागीण उतरवणाऱ्या’चा पत्ता देतो. मुळात हा आजार शरीरात शिरतो कसा, लपतो कुठे आणि बाहेर येतो कसा हे समजले, तर ही भीतीही जाते आणि उपचाराचा मोलाचा वेळही वाचतो.

नागीण बाहेरून येत नाही. लहानपणी आपल्याला कांजिण्या झाल्या, तेव्हाच तिचे बी आत पडलेले असते. दोन्ही आजारांचा विषाणू एकच, व्हॅरिसेला झोस्टर. कांजिण्यांचे फोड सुकतात, खपल्या पडतात, मूल खेळू लागते, पण विषाणू शरीरातून पूर्णपणे जात नाही. तो त्वचेतील संवेदना वाहणाऱ्या नसांपर्यंत पोहोचतो आणि त्या नसांच्या मुळाशी, पाठीच्या मणक्यांजवळ असलेल्या पेशींच्या लहान गाठींत जाऊन बसतो. चेहऱ्याच्या नसेची अशीच गाठ कवटीच्या आत असते, तिथेही तो राहतो. या अवस्थेत तो वाढत नाही, त्रास देत नाही आणि दुसऱ्या कोणाला लागतही नाही. चाळीस, पन्नास, साठ वर्षे तो असा निपचित पडून राहू शकतो.

त्याला दाबून ठेवण्याचे काम आपल्या रक्तातील टी-पेशी करतात. वय पन्नाशीच्या पुढे गेले की या पेशींचा पहारा हळूहळू सैल होतो. कर्करोगावरचे उपचार, स्टेरॉइडची दीर्घकाळ चाललेली औषधे, अवयव प्रत्यारोपण, एचआयव्ही यांमुळे तो कमी वयातही सैल होतो. मग एखाद्या गाठीतला विषाणू जागा होतो, वाढू लागतो आणि त्याच नसेच्या वाटेने त्वचेकडे निघतो.

पट्ट्याचे रहस्य इथेच आहे. मणक्यांतून नसांच्या जोड्या निघतात, एक नस उजवीकडे, एक डावीकडे. प्रत्येक नस आपल्या बाजूच्या त्वचेचा ठरावीक पट्टा सांभाळते आणि शरीराच्या मध्यरेषेवर थांबते. विषाणू बहुधा एकाच गाठीत जागा होतो, म्हणून पुरळ एकाच बाजूला, त्या नसेच्या पट्ट्यापुरते येते. त्यामुळे तोंडाला शेपूट सहसा मिळतच नाही. क्वचित पुरळ दोन्ही बाजूंना किंवा अंगभर पसरते. ते धोक्याचे लक्षण खरेच असते, पण टोके जुळल्यामुळे नव्हे. प्रतिकारशक्ती फार खालावल्याची ती खूण असते आणि अशा रुग्णाला लगेच इस्पितळात न्यावे लागते.

कांजिण्या आणि नागीण यांचे हे नाते पक्के करण्यात इंग्लंडमधील सायरेन्सेस्टर गावचे डॉक्टर एडगर होप-सिम्पसन यांचा मोठा वाटा आहे. आपल्या साध्या दवाखान्यात 16 वर्षांत आलेल्या नागिणीच्या 192 रुग्णांची त्यांनी नोंद ठेवली. कांजिण्यांची साथ येते आणि जाते, नागीण मात्र वर्षभर तुरळक सापडते आणि वयाबरोबर वाढते, हे त्यांच्या लक्षात आले. साथीतून येणारा आजार असा वागत नाही. म्हणून 1965 साली त्यांनी मांडले की हा विषाणू बालपणापासून आतच लपलेला असतो. पुढे प्रयोगशाळांनी त्यांचे म्हणणे खरे ठरवले.

आता समजा, एका घरातील 68 वर्षांच्या दादींना सोमवारी उजव्या बरगडीखालून पाठीपर्यंत जळजळ सुरू झाली. त्वचेवर काहीच दिसत नाही. पुरळाआधी काही दिवस असे दुखणे हीच नागिणीची पहिली चाहूल असते, कारण विषाणू तेव्हा नसेतून प्रवास करत असतो. कोणाला वाटते पित्त झाले, कोणाला वाटते मूत्रखडा. डाव्या बाजूला दुखले तर हृदयाची शंका येते आणि ती तपासलीच पाहिजे. गुरुवारी सकाळी त्याच जागी लाल चट्टे उठतात, संध्याकाळपर्यंत त्यावर पाण्याच्या बारीक फोडांचे झुबके येतात. एकाच बाजूला, पट्ट्यात, दुखण्यामागून आलेले फोड दिसले की निदान करायला डॉक्टरांना सहसा रक्ततपासणीचीही गरज पडत नाही.

इथून घड्याळ सुरू होते. अ‍ॅसायक्लोव्हिर किंवा व्हॅलासायक्लोव्हिर ही औषधे विषाणूची वाढ रोखतात आणि पुरळ उठल्यापासून 72 तासांच्या आत सुरू केली तर त्यांचा सर्वाधिक उपयोग होतो. दादींच्या बाबतीत ही मुदत रविवारी सकाळी संपते. शुक्रवार गेरूत आणि शनिवार दम करून घेण्यात गेला, तर ती हातची जाते. गोळ्या मनाने आणू नयेत, कारण मूत्रपिंड कमजोर असेल तर मात्रा कमी करावी लागते. अ‍ॅसायक्लोव्हिर दिवसातून पाच वेळा, साधारण सात दिवस घ्यायची असते आणि सोबत भरपूर पाणी प्यायचे असते. रमजानात असे झाले तर सहर आणि इफ्तारच्या वेळेत हे औषध बसत नाही. आजाऱ्याला रोजे पुढे पूर्ण करण्याची सवलत अशाच वेळेसाठी आहे.

मग गेरू लावून लोक बरे झालेले दिसतात, ते कसे? नागिणीचे फोड काही न करताही दोन ते चार आठवड्यांत सुकतात. श्रेय लेपाला मिळते. पण नसेला झालेली इजा लेपाने भरत नाही. काहींचे दुखणे फोड गेल्यावरही तीन महिन्यांहून अधिक, कधी वर्षानुवर्षे राहते. कुर्त्याचा स्पर्श सहन होत नाही, झोप लागत नाही. वय जितके जास्त, तितकी ही शक्यता जास्त. त्यावर नेहमीच्या वेदनाशामक गोळ्या फारशा चालत नाहीत, नसांच्या दुखण्याची वेगळी औषधे लागतात.

पुरळ कपाळावर, पापणीवर किंवा नाकाच्या शेंड्यावर आले तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जावे. नाकाच्या शेंड्याला आणि डोळ्याला एकाच नसेची शाखा जाते, म्हणून तिथला फोड डोळ्याला धोका असल्याचे सांगतो. दृष्टी जाऊ शकते.

घरातल्यांना दादींची नागीण ‘नागीण’ म्हणून लागत नाही. मात्र फोडांतील पाण्यात जिवंत विषाणू असतो. ज्यांना कांजिण्या झाल्या नाहीत आणि त्यांची लसही घेतली नाही, त्यांना त्यातून कांजिण्या होऊ शकतात. म्हणून खपल्या धरेपर्यंत फोड कपड्याने झाकावेत, टॉवेल वेगळा ठेवावा. गरोदर सून आणि तान्हे नातवंड यांना तोवर दूर ठेवावे. दादींना वेगळ्या खोलीत कोंडण्याची गरज नाही.

पन्नाशीनंतर घ्यायची नागिणीची लस 2023 पासून भारतातही मिळते. दोन ते सहा महिन्यांच्या अंतराने तिचे दोन डोस असतात. आधी नागीण होऊन गेलेल्यांनाही ती घेता येते. ती महाग आहे आणि एक-दोन दिवस हात दुखतो, ताप येतो. आत झोपलेल्या विषाणूला ती बाहेर काढत नाही, पण पहारा पुन्हा कडक करते. मधुमेह असलेल्या किंवा स्टेरॉइड घेणाऱ्या वडीलधाऱ्यांसाठी पुढच्या तपासणीला जाताना डॉक्टरांना तिच्याविषयी जरूर विचारावे.