नीचांक वगळून सरासरी

हातखंब्याच्या तिठ्यावर, जेथे मुंबई-गोवा रस्त्याला रत्नागिरीचा फाटा फुटतो, तेथे संध्याकाळी एस. टी. तून उतरणाऱ्या मुलांपैकी एक मुलगी आमच्या शेजारी राहते. रत्नागिरीच्या एका महाविद्यालयात ती शिकते. एके दिवशी ती पिशवी खांद्यावर तशीच ठेवून आमच्या ओटीवर आली आणि म्हणाली, “गुरुजी, माझी सरासरी आज नेमकी किती झाली, सांगाल का?” त्यांच्या वर्गात दर आठवड्यास दहा गुणांची एक छोटी चाचणी असते, हल्ली तिला क्विझ म्हणण्याचा प्रघात आहे. नियम असा की, झालेल्या सर्व चाचण्यांतील सर्वांत कमी गुणांची एक चाचणी सोडून द्यावयाची आणि उरलेल्यांची सरासरी धरावयाची. ही सरासरी साडेसहाच्या खाली गेली की घरच्यांना बोलावणे येते. मुलीच्या पाच चाचण्या झालेल्या होत्या, सहावी त्याच दिवशी झाली होती आणि ती अगदी वाईट गेली होती.

तिचे पहिले पाच गुण असे होते : 7, 9, 4, 8 आणि 6. यांची बेरीज 34. सर्वांत कमी 4. ते वजा केले म्हणजे 30 उरतात. मात्र आता भागावयाचे ते पाचाने नव्हे, चाराने. चाचणी सोडली तर तिची जागाही सोडावी लागते. 30 भागिले 4 म्हणजे 7.5. मी हे एवढ्यासाठी सांगतो की, चांगले शिकलेले पालकही बेरजेतून नीचांक काढतात आणि भागाकार पूर्वीच्याच संख्येने करतात. 30 ला 5 ने भागून 6 येतात, आणि सवलत मिळूनही सरासरी खाली कशी गेली म्हणून ते चकित होतात. साधी सरासरी 34 भागिले 5, म्हणजे 6.8 आहे. सर्वांत कमी गुण वगळल्यावर आलेली सरासरी तिच्यापेक्षा कमी आली, तर भागाकार चुकला असे बेलाशक समजावे. दोन चाचण्यांत सारखाच नीचांक असेल, तर त्यांतील एकच सोडावयाची. आणि एकच चाचणी झालेली असताना काहीच सोडता येत नाही, कारण ती सोडल्यावर भागावयास काही उरत नाही.

सवलतीने सरासरी किती वाढते, हे काढण्याचीही एक सोपी रीत आहे. साधी सरासरी 6.8, नीचांक 4 ; दोहोंतील अंतर 2.8. तेवढी तूट त्या एका चाचणीने इतर चारांवर लादलेली होती. ती चाचणी गेली की 2.8 चे चार समान वाटे होतात आणि प्रत्येक वाटा 0.7 येतो. 6.8 मध्ये 0.7 मिळविले की 7.5. यावरून असे दिसते की, चाचण्या जितक्या थोड्या तितकी ही सवलत मोठी. चाचण्या वीस झाल्या की तीच तूट एकोणीस ठिकाणी वाटली जाते आणि सवलत जवळजवळ दिसेनाशी होते.

आता मुलीच्या खऱ्या प्रश्नाकडे वळू. सहाव्या चाचणीचे गुण लागावयाचे होते आणि तिला भीती होती शून्याची. “शून्य मिळाले तर ते सोडूनच देतील ना, मग माझे साडेसात तसेच राहतील,” अशी तिने स्वतःची समजूत घातली होती. येथेच ती चुकत होती. सोडून देण्याची जागा एकच आहे. त्या जागेवर आतापर्यंत चार गुणांची चाचणी बसलेली होती. शून्य आले म्हणजे ते त्या जागेवर बसणार आणि चाराला उठून हिशेबात परत यावे लागणार. म्हणून धरलेल्या गुणांची बेरीज 30 अधिक 4, म्हणजे 34, आणि धरलेल्या चाचण्या पाच, सरासरी 6.8.

हाच आकडा आपण मघाशी पाहिला. पाच चाचण्यांची साधी, काहीही न वगळता काढलेली सरासरी तीच होती. हा योगायोग नव्हे. नवी चाचणी कितीही वाईट गेली तरी ती स्वतः बाहेर जाते आणि जुन्या सर्व चाचण्या, जुन्या नीचांकासह, आत येतात. म्हणून पुढच्या चाचणीनंतर नीचांक वगळलेली सरासरी कोठपर्यंत घसरू शकते, असे कोणी विचारले तर उत्तर तयार असते : आजच्या साध्या सरासरीपर्यंत, त्याखाली नाही. मी मुलीला म्हटले, “बाळ, पेपर कोरा दिला असलास तरी आज तुझे 6.8 कोठे जात नाहीत. घरी बोलावणे येणार नाही.” तिने पिशवी खाली ठेवली आणि मग कोठे पाणी मागितले.

दर आठवड्यास ही सरासरी चालू ठेवावयाची तर सगळे गुण पुन्हा मांडून बसण्याची गरज नाही. कागदाच्या कोपऱ्यात तीन आकडे ठेवावेत : धरलेल्या गुणांची बेरीज, धरलेल्या चाचण्यांची संख्या आणि बाहेर ठेवलेला नीचांक. नवे गुण आले की ते नीचांकाशी ताडून पाहावेत. दोहोंत जो मोठा तो बेरजेत घालावा, जो लहान तो बाहेर ठेवावा, आणि संख्येत एक मिळवावा. मुलीचे तीन आकडे होते 30, 4 आणि 4. सहाव्या चाचणीत तिला शून्य नव्हे, 3 गुण मिळाले. 3 आणि 4 यांतील मोठे 4. बेरीज 34, संख्या 5, बाहेर 3. सरासरी 6.8 च. तीनाऐवजी 5 मिळाले असते तर 35 भागिले 5, म्हणजे 7 झाली असती.

या तीन आकड्यांतला तिसरा का जपावयाचा, हे मी स्वतः फार उशिरा शिकलो. ज्या शाळेत मी होतो तेथे मी माझ्या वर्गापुरती हीच पद्धत ठेवली होती. पाच चाचण्या झाल्यावर मी प्रत्येकाचा नीचांक रबराने पुसून टाकला, कारण आता त्याचे काम संपले असे मला वाटले. सहाव्या चाचणीनंतर वर्षाचा हिशेब करताना उरलेल्यांतून पुन्हा एक नीचांक वगळला. एका मुलाचे गुण या मुलीसारखेच वरखाली होते. समजण्यास सोपे म्हणून तेच आकडे घेऊ : 7, 9, 4, 8, 6, 3. दुसरा मुलगा संथ आणि नेटका : 7, 7, 8, 7, 6, 7. माझ्या पुसलेल्या वहीत पहिल्याचे 4 नाहीसे झाले होते, मग 3 ही गेले. 30 भागिले 4, सरासरी 7.5. दुसऱ्याचे आधी 6 गेले, मग एक 7 गेले. 29 भागिले 4, सरासरी 7.25. बक्षिसाचा शब्दकोश पहिल्याला मिळाला. वास्तविक एकच चाचणी सोडावयाची होती. तसे केले असता पहिल्याचे 34 भागिले 5, म्हणजे 6.8, आणि दुसऱ्याचे 36 भागिले 5, म्हणजे 7.2. सुटीत जुन्या वह्या आवरताना पुसलेल्या जागांचे डाग दिसले आणि चूक ध्यानात आली. तोपर्यंत तो दुसरा मुलगा गाव सोडून गेला होता. चूक सहज पकडता आली असती : सहा चाचण्यांतून एक सोडली तर धरलेल्या पाच असल्या पाहिजेत, आणि मी चाराने भागीत होतो.

हल्ली हा हिशेब संगणकाच्या तक्त्यात करतात, परंतु हीच चूक तेथे दुसऱ्या वेषात येते. गुण B2 पासून B7 पर्यंतच्या घरांत असतील, तर सूत्र असे लिहितात :

```
=(SUM(B2:B7)-MIN(B2:B7))/(COUNT(B2:B7)-1)
```

मूल गैरहजर असेल तर त्या घरात शून्य लिहावे की घर रिकामे ठेवावे? शून्य लिहिले तर तेच नीचांक ठरून सुटते. घर रिकामे ठेवले तर सूत्र ती चाचणी मोजीतच नाही, आणि शिवाय दुसरी एक सोडून देते. म्हणजे गैरहजर राहणाऱ्यास दोन चाचण्यांची माफी! आजारपणाला निराळी माफी द्यावयाची असेल तर शिक्षकाने ती समजून उमजून द्यावी. ती तक्त्याच्या रिकाम्या घरातून नकळत मिळू नये.

महाराष्ट्रात ही रीत पुष्कळ घरांना परिचित आहे, ती दहावीच्या ‘बेस्ट ऑफ फाइव्ह’मुळे. सहा विषयांपैकी उत्तम पाचांवर टक्केवारी काढण्याचा निर्णय राज्य शासनाने 2010 साली घेतला. त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयाने तो रद्द केला आणि पुढे सर्वोच्च न्यायालयाने तो उचलून धरला. अकरावीच्या प्रवेशात निरनिराळ्या मंडळांच्या मुलांची तुलना कशी करावी, हा त्या वादाचा गाभा होता. एखाद्याला 82, 74, 91, 58, 79 आणि 86 गुण असतील तर सहांवर 470, म्हणजे 78.33 टक्के, 58 सोडले की पाचांवर 412, म्हणजे 82.40 टक्के. तेथे प्रत्येक विषय शंभराचा असल्यामुळे हिशेब सरळ उतरतो. मात्र ही झाली टक्केवारी. उत्तीर्ण होण्याचे नियम निराळे.

चाचण्या लहानमोठ्या असल्या आणि एकूण मिळालेल्या गुणांना एकूण गुणांनी भागावयाचे असले, की मात्र घोटाळा सुरू होतो. समजा, एकीला 20 पैकी 18, दुसरीत 10 पैकी 2 आणि तिसरीत 40 पैकी 12 मिळाले. नीचांक कोणता? कोणीही सांगेल, दुसरी. गुणही तेथे कमी आणि टक्केही वीसच. ती सोडली तर 60 पैकी 30, म्हणजे 50 टक्के. पण तीस टक्क्यांची तिसरी सोडून पाहा : 30 पैकी 20, म्हणजे 66.67 टक्के. वजनाने मोठी चाचणी थोडी बरी गेली असली तरी एकंदरीस खाली ओढते अधिक. एकच चाचणी सोडावयाची असेल तर एकेक सोडून पाहणे हा साधा उपाय पुरतो. अनेक सोडावयाच्या असल्या तर प्रश्न इतका गुंतागुंतीचा होतो की, डॅनियल केन व जोनाथन केन यांनी 2006 साली ‘मॅथेमॅटिक्स मॅगझीन’ या अमेरिकेतील नियतकालिकात त्यावर स्वतंत्र लेख लिहिला. शिक्षकांनी सर्व चाचण्या सारख्या गुणांच्या ठेवल्या किंवा प्रत्येकीचे आधी टक्के करून त्यांची सरासरी घेतली, तर ही अडचण येत नाही.

मुलगी पुढच्या आठवड्यात पुन्हा आली. सहावीत वाचलो, म्हणून आता सातवीही कशी गेली तरी चालेल, असा तिचा सूर होता. मी तिच्याकडूनच हिशेब करवून घेतला. सहांची साधी सरासरी आता 37 भागिले 6, म्हणजे 6.17 झाली होती. साडेसहाची हमी गेली होती. सातवीनंतर धरलेल्या चाचण्या सहा होणार. साडेसहा टिकवावयास सहा गुणिले साडेसहा, म्हणजे 39 गुण हवेत. हातात 34 आहेत. “म्हणजे पाच हवेत, गुरुजी,” ती म्हणाली, आणि वही उघडून तिथेच ओटीवर वाचावयास बसली.