चावला कोण : ढेकूण, पिसू की डास?

पनवेल तालुक्यातल्या ओव्यात काय किंवा तुमच्या गावात काय, कुठल्याही घरात घडेल अशी गोष्ट घ्या. गणपतीला माणसे गावी गेली, घर दहा-पंधरा दिवस बंद राहिले. परत येऊन दार उघडले आणि पाचच मिनिटांत पायांना चरचर सुटली. डास माजले म्हणून धूर केला. मग खापर ढेकणांवर फुटले, गादी उन्हात टाकली. खाज मात्र तशीच!

इथे आधी अंगाकडे बघा. पुरळ घोट्याभोवती आणि पोटरीवर आहे, गुडघ्याच्या वर जवळजवळ नाही. बारीक लाल ठिपके, दोन-चार एका ठिकाणी, मधोमध टोचल्याची खूण. चावाही भरदिवसा, उभ्या माणसाला. ही पिसवांची करणी. पिसू उडत नाही, जमिनीवरून उडी मारते, म्हणून पायच धरते. ओटीवर मांजर व्यायले असेल, तर मूळ तिथेच.

ढेकणाची रीत वेगळी. तो झोपलेल्याला रात्री गाठतो आणि मान, दंड, पाठ असा उघडा भाग धरतो. चावे पुष्कळदा ओळीने तीन-चार असतात. फसगत होते ती इथे : काहींना गांधी लगेच उठत नाहीत, काही दिवसांनी उठतात. काहींना तर उठतच नाहीत. म्हणून खाटेच्या सांध्यात आणि गादीच्या शिवणीत काळे ठिपके दिसतात का, ते पाहा.

डासाची गांधी सुटी, फुगीर, कुठेही उघड्यावर, आणि थोड्याच वेळात उठणारी. डेंग्यूचा डास दिवसा चावतो, मलेरियाचा सांजेपासून पहाटेपर्यंत.

तरी नुसत्या चाव्यावरून छातीठोक सांगू नये, किडा सापडला पाहिजे. गुडघ्यापर्यंत पांढरे मोजे घालून घरात फिरा. पिसवा असल्या तर काळे टिपके मोज्यावर उड्या मारताना दिसतील.

बंद घरात त्या एकदम कशा आल्या? पिसवेचे कोष जमिनीच्या भेगांत आणि गोधड्यांत पडून राहतात. पावलांचा हादरा बसला की आतली पिसू बाहेर येते. कोषाला औषध फारसे लागत नाही. म्हणून भेगा रोज झाडा, गोधड्या गरम पाण्यात धुवा आणि औषध मारलेच तर दोन आठवड्यांनी पुन्हा मारा. मांजराला कुत्र्याचे औषध लावू नका, ते जिवावर बेतते. पशुवैद्याला विचारा.

एक गोष्ट मात्र विसरू नका. 1994 मध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावी आधी पिसवांचा त्रास वाढल्याची तक्रार आली आणि पुढे प्लेगचे रुग्ण आढळले. घरात उंदीर आपोआप मरून पडत असतील आणि पिसवाही चावत असतील, तर उंदराला हात न लावता आधी आरोग्य केंद्राला कळवा.