हातच्याची वाट न पाहणारी बेरीज

९९९९ मध्ये १ मिळवा. एककाची बेरीज झाली की हातचा १ दशकाकडे, तिथून शतकाकडे, मग हजाराकडे जातो. प्रत्येक घरातली बेरीज सोपी असते. वेळ जातो तो हातचा येईपर्यंत थांबण्यात. संगणकाच्या चिपमधल्या बेरजेचंही असंच होतं. फरक एवढाच की तिथे अंक फक्त ० आणि १ असतात आणि हातच्याला कॅरी म्हणतात.

एका घराची बेरीज करणाऱ्या मंडलाला फुल अ‍ॅडर म्हणतात. चिपचा आराखडा शब्दांत लिहिण्याच्या व्हेरिलॉग भाषेत तो असा दिसतो:

```verilog
module fa(input a, b, ci, output s, co);
  wire p, g, t;
  xor #1 (p, a, b);
  and #1 (g, a, b);
  xor #1 (s, p, ci);
  and #1 (t, p, ci);
  or  #1 (co, g, t);
endmodule
```

`#1` म्हणजे त्या गेटला उत्तर द्यायला लागणारा एक एकक वेळ. हे `#1` लिहायला विसरलं, तर सिम्युलेशनमध्ये सगळी गेटं शून्य वेळात उत्तर देतात आणि कोणताही अ‍ॅडर दुसऱ्याइतकाच वेगवान दिसतो. नवशिक्यांची तुलना बहुतेक वेळा इथेच फसते.

असे चार अ‍ॅडर ओळीने जोडले, एकाचा `co` पुढच्याच्या `ci` ला दिला, की झाला रिपल कॅरी अ‍ॅडर. आता त्याची परीक्षा घेऊ. सुरुवातीला सगळं शून्य आहे. मग एकाच क्षणी `a = 1111`, `b = 0000` आणि आत येणारा कॅरी १ करायचा. म्हणजे १५ अधिक १. उत्तर १६ यायला हवं. पडद्यावर वेळ २ ला बेरीज `1110` दिसते, ४ ला `1100`, ६ ला `1000`, ८ ला `0000`. शेवटचा कॅरी मात्र वेळ ९ ला उगवतो. म्हणजे आठव्या क्षणी कोणी उत्तर उचललं, तर त्याच्या हाती १६ ऐवजी चक्क शून्य पडेल. चाचणीला ५ अधिक २ असे आकडे घेतले तर यातलं काहीच दिसत नाही, कारण तिथे कॅरी निर्माणच होत नाही. चाचणी नेहमी कॅरीला सगळ्या घरांतून चालायला लावणारी हवी.

यावरचा उपाय वरच्या `g` आणि `p` मध्येच दडलेला आहे. `g` सांगतो, ‘मी स्वतः हातचा देणार’. `p` सांगतो, ‘मागून आला तर पुढे पाठवणार’. ही दोन्ही उत्तरं प्रत्येक घर शेजाऱ्याला न विचारता पहिल्याच एककात देतं. मग तिसऱ्या घरापुढचा कॅरी थेट लिहिता येतो:

```verilog
assign #2 c[3] = g[2] | (p[2]&g[1])
   | (p[2]&p[1]&g[0])
   | (p[2]&p[1]&p[0]&c[0]);
```

म्हणजे तिसऱ्याने हातचा दिला. किंवा दुसऱ्याने दिला आणि तिसऱ्याने पुढे पाठवला. आणि असंच मागे मागे. `&` चा एक थर आणि `|` चा एक थर, म्हणून `#2`. चारही कॅरी वेळ ३ ला एकदम तयार होतात आणि बेरीज ४ ला. हा कॅरी लुकअहेड अ‍ॅडर. हातच्याचा अंदाज आधीच घेण्याची युक्ती चार्ल्स बॅबेजने एकोणिसाव्या शतकात आपल्या यंत्रासाठी दातेरी चाकांत मांडली होती.

पण ही युक्ती हवी तितकी ताणता येत नाही. चौथ्या कॅरीलाच पाच तोंडांचं गेट लागतं. सोळा घरांसाठी सतरा तोंडांचं लागेल. असं गेट एका एककात उत्तर देईल हे मानणं म्हणजे स्वतःची फसवणूक; तोंडं वाढली की गेट मंदावतं. म्हणून चार-चार घरांचे गट करतात आणि प्रत्येक गटालाही स्वतःचे `g` आणि `p` देतात. ते वेळ ३ ला मिळतात, गटांमधले कॅरी ५ ला, गटांच्या आतले ७ ला आणि पूर्ण बेरीज ८ ला. सोळा बिटांच्या रिपल अ‍ॅडरमध्ये बेरजेचा शेवटचा बिट ३२ व्या एककाला स्थिरावतो. चौपट वेग मिळतो खरा, पण त्यासाठी गेटं आणि तारा जास्त मोजाव्या लागतात. सावकाश चालणाऱ्या छोट्या मंडलात मी आजही रिपलच निवडेन.

हे एकक केवळ सिम्युलेशनपुरते असतात. प्रत्यक्ष मंडल घडवणारं सिंथेसिसचं साधन `#1` कडे दुर्लक्ष करतं. एफपीजीएवर तर कॅरीसाठी खास वेगवान वाट आधीच कोरलेली असते. तिथे हाताने लिहिलेला लुकअहेड ती वाट सोडून साध्या लॉजिकमध्ये पसरतो आणि बऱ्याचदा अधिक हळू चालतो. तेव्हा शिकताना दोन्ही अ‍ॅडर गेटागेटाने जरूर लिहा. एफपीजीएवर काम करताना मात्र सरळ `a + b` लिहा आणि वेग टायमिंग रिपोर्टमध्ये पाहा.