आईवडिलांच्या लग्नाच्या वाढदिवसाचे भाषण

लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवशी आईवडिलांचे आभार मानणारे भाषण चार-पाच मिनिटांचे असते. तेवढ्या वेळात पन्नास वर्षे मावत नाहीत. म्हणून दोघांनी मिळून निभावलेला एकच कठीण काळ निवडला जातो आणि त्यात कोणी काय केले, हे सांगितले जाते.

लालबागच्या चाळीतले एक जोडपे समजा. लग्न 1975चे, नवरा कापड गिरणीत कामाला. 18 जानेवारी 1982 रोजी मुंबईतल्या गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगारांचे पगार थांबले आणि अनेकांची नोकरी कायमची गेली. या जोडप्याची मुले आज बोलणार असतील, तर तयारी महिनाभर आधी सुरू होते. आई आणि बाबांना वेगवेगळे विचारावे. बाबा ‘दिवस निघाले कसेतरी’ एवढेच म्हणतात. पाटल्या कधी गहाण पडल्या आणि डब्यांची पहिली गिऱ्हाइके कोण होती, हे आईला आठवते. उलट, पहाटे भायखळ्याहून भाजी आणून विकताना बाबांना किती संकोच वाटे, हे आईलाही कदाचित ठाऊक नसते.

ही माहिती भाषणात घटनेच्या क्रमाने येते: पगार थांबला, पाटल्या गेल्या, आईने डबे सुरू केले, बाबा ते पोचवू लागले. ‘आईने खूप कष्ट केले’ या वाक्यातून ऐकणाऱ्याला काही दिसत नाही. ‘आई पहाटे चारला स्टोव्ह पेटवायची आणि बाबा डबे घेऊन निघायचे’ यातून दोघेही दिसतात. केवळ आईला त्यागमूर्ती केले की बाबांचा वाटा पुसला जातो आणि हा जोडीचा सोहळा आहे हेच सुटते.

सर्वांत मोठी चूक होते ती परवानगी न घेतल्याने. पाटल्या गहाण पडल्याची गोष्ट आईने आयुष्यभर माहेरी लपवली असेल, तर ती माहेरच्या माणसांसमोर उघड करणे तिला अपमानाचे वाटते. तेव्हा कोणी मदत नाकारली, हेही सांगू नये. तो नातेवाईक समोरच्या रांगेत बसलेला असू शकतो. लिहिलेले भाषण दोघांपैकी एकाला आधी वाचून दाखवले, तर असे प्रसंग वेळीच गळतात. मोठ्याने वाचल्यावर कोणत्या वाक्याशी गळा दाटतो, हेही कळते. ते वाक्य आखूड करून शेवटाकडे न्यावे, म्हणजे पुढचे बोलणे अडत नाही.

आभार त्या काळातून मुलांना काय मिळाले, याला धरून येतात: ‘आई, बाबा, त्या वर्षी घरात पगार नव्हता, पण आमची शाळा एक दिवसही सुटली नाही. ती तुम्ही दोघांनी चालू ठेवलीत.’ एवढे बोलून वक्त्याने दोघांना वाकून नमस्कार करावा आणि भाषण तिथेच थांबवावे.