ज्वालामुखी सोड्याने फुटतो का?

विज्ञान प्रदर्शनात मातीचा ज्वालामुखी हमखास असतो. आत खायचा सोडा, वरून लाल रंग घातलेलं व्हिनेगर, की भसाभसा फेस. एका शाळेत सहावीच्या बाईंनी विचारलं, "खऱ्या ज्वालामुखीतला लाव्हा कशाने वर येतो?" मुलगा ठामपणे म्हणाला, "सोड्याने." फेस होता कार्बन डायऑक्साइडचा. खरा लाव्हा म्हणजे वितळलेला खडक आणि त्याला वर ढकलतात त्यात विरघळलेले वायू, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. प्रतिकृती मात्र सुबक होती, कारण ती बाबांनी रात्री जागून केली होती.

त्या वर्षी उन्हाळी सुट्टी लागताना बाईंनी पालकांना चिठ्ठी पाठवली: विषय मुलांनाच ठरवू द्या. दुकानातला तयार तक्ता नको, मोठ्या भावंडाची जुनी वहीही नको. उतरवलेल्या प्रकल्पात उत्तर आधीच लिहिलेलं असतं, त्यामुळे मुलाला काही मोजावं लागत नाही आणि त्याचं कुठे अडलं हे आम्हालाही कळत नाही.

एका मुलीने माठ निवडला. आधी तिने वहीत लिहिलं होतं, 'पाण्याचं महत्त्व'. बाईंनी तो विषय परत केला, कारण त्यात मोजणार काय? मग प्रश्न घरातूनच आला. आजी माठाला ओलं फडकं गुंडाळते. त्याने पाणी खरंच जास्त गार होतं का?

घरात सारख्या आकाराचे दोन माठ होते. एकाला फडकं गुंडाळलं, दुसरा तसाच ठेवला. दोन्ही एकाच सावलीत, दोन्हींत सारखंच पाणी. रोज दुपारी तीनला खोलीचं आणि दोन्ही माठांतल्या पाण्याचं तापमान ती लिहायची. कोरड्या दिवशी खोलीत ३४ अंश असताना साध्या माठातलं पाणी २७ अंशांवर होतं. आठव्या दिवशी वळीव कोसळला आणि फरक जेमतेम तीन अंशांवर आला. थर्मामीटर बिघडला असं समजून तिने तो आकडा खोडला.

जूनमध्ये बाईंचं बोट नेमकं त्या खाडाखोडीवर थांबलं. माठातून झिरपलेलं पाणी वाफ होताना उष्णता घेऊन जातं, म्हणून आतलं पाणी गार होतं. हवाच दमट असली की वाफ कमी होते, तसा गारवाही कमी. तिने खोडलेला आकडा बरोबर होता! उतरवलेल्या वहीत अशी खाडाखोड सापडत नाही.

फडक्याच्या प्रश्नाचं उत्तर मात्र पक्कं मिळालं नाही. एक माठ जुना होता आणि क्षारांनी त्याची छिद्रं बुजली असावीत, त्यामुळे तुलना सारखी राहिली नाही. बाईंनी हेही वहीत लिहायला लावलं.

पालकांनी काय करायचं, तेही चिठ्ठीत होतं: थर्मामीटर आणून द्या, काचेचा असेल तर जपून वापरायला सांगा आणि रोज एवढंच विचारा, "आज किती आलं?"