शर्यतीआधीची वही

महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर एका घोड्याचा भाव दहाला चाळीस आहे, असं समजा. दहा रुपये लावले, तर चाळीस रुपये नफा. म्हणजे पाचांत एकदा तो जिंकला, तरी हिशेब बरोबरीत सुटतो. पैसे लावण्याआधीच वहीत लिहायचं: भाव, आपल्या मते जिंकण्याची शक्यता 30 टक्के, आणि कारणं. ‘1400 मीटर त्याला मानवतात, वजन कमी आहे, सुरुवातीला पुढे पळणारा दुसरा घोडा नाही.’

घोडा हरला. आता वही उघडायची. तीस टक्के म्हणजे दहांत सात वेळा हरणारच, त्यामुळे नुसत्या हरण्यातून काहीच कळत नाही. पण आणखी दोन घोडे सुरुवातीपासून पुढे पळाले आणि त्यांच्या मागच्या शर्यतींतही ते तसेच पळाले होते, तर चूक आपल्या अभ्यासाची. ऐनवेळी घोडा अडकला, तर ते नशीब. घोडा जिंकला असता, तरी ही तपासणी तशीच करायची. खरं तर तेव्हा ती जास्त गरजेची, कारण जिंकल्यावर कुणी कारणं तपासत नाही.

तीस टक्केवाल्या सलग दहा पैजा हरण्याची शक्यता जेमतेम तीन टक्के. तरी ती असतेच. म्हणून अशा शंभरेक नोंदी जमल्या, की त्यांतल्या साधारण तीस जिंकल्या का, ते मोजायचं. पंधराच जिंकल्या असतील, तर आपले अंदाजच फुगलेले आहेत.